बिल स्वीकारलेल्या तिकिटांवर निघत असेल तर: शीट, रेडमाइन की जिरा?

नागपुरात अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांची रांग आहे. तिथल्या एका कंपनीसाठी आम्ही माल रवाना करायचं सॉफ्टवेअर करत होतो. आमचं ऑफिस परसोडीच्या आयटी पार्कजवळ. एके रात्री साडेनऊला, गाड्या भरायची ऐन घाई चालू असताना, मी गोदामाच्या मॅनेजरना लोडिंग स्लिपचा नवा प्रिंट दाखवला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, गाडीच्या नंबर प्लेटशी नंबर ताडून बघितला आणि म्हणाले, "ताई, चालून तर राहिलं ना? मग झालं. लावून टाका तुमच्या त्या शीटमध्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शीटमधल्या त्या कामाच्या ओळीपुढे, म्हणजे तिकिटापुढे, ‘स्वीकारलं’ असं लिहिलं. अशी 24 तिकिटं जमली तेव्हा दुसऱ्या माइलस्टोनचं बिल पाठवलं: 18 लाखांच्या कामाचे 30 टक्के, म्हणजे 5,40,000 रुपये. त्यांच्या अकाउंट्सने एकच प्रश्न विचारला. हे कोणी स्वीकारलं? शीटचा इतिहास उघडला तर चोवीसही ओळींपुढे माझं नाव होतं. मॅनेजर खोटं बोलत नव्हते आणि मीही बोलत नव्हते, पण करारात ‘क्लायंटने लेखी स्वीकारलेली तिकिटं’ असं लिहिलेलं होतं आणि लिहिणारी मी वेंडरची माणूस होते. पैसे तीन महिने अडकले.

तिसऱ्या माइलस्टोनआधी आम्ही तीच 24 तिकिटं तीन ठिकाणी पुन्हा मांडून पाहिली: नीट बांधलेली गूगल शीट, आणि तिकिटं सांभाळणारी दोन सॉफ्टवेअर, स्वतःच्या सर्व्हरवरचं रेडमाइन आणि जिरा क्लाउड. तुम्ही वेंडरकडून बघत असाल किंवा क्लायंटकडून, यातलं एक निवडायचं असेल तर खालचा अनुभव कामाला येईल. बोर्ड किती सुंदर दिसतो, स्प्रिंटचे आलेख कसे निघतात, ते मी यात धरलेलं नाही. पैसे ज्या गोष्टींवर अडतात तेवढ्याच बघितल्या आहेत.

बटण कोणाच्या हातात

‘काम झालं’ हे वेंडर म्हणतो आणि ‘काम स्वीकारलं’ हे क्लायंट म्हणतो. ही दोन वेगळी स्टेटस हवीत आणि दुसरं वेंडरला लावताच येऊ नये. बहुतेक टीममध्ये एकच `Done` असतो. डेव्हलपरने कोड टाकला की तिकीट तिथे जातं आणि महिनाअखेरीस त्याच यादीवर बिल निघतं. भांडणाची सुरुवात तिथूनच होते.

शीटमध्ये हे अर्धंमुर्धं जमतं. ‘स्वीकृती’ आणि ‘तारीख’ हे दोन कॉलम `Protect range` ने बंद करून फक्त क्लायंटच्या ईमेलला उघडे ठेवायचे. पण शीटचा मालक ते संरक्षण कधीही काढू शकतो, त्यामुळे शीट क्लायंटच्या खात्यावर असली तरच याला अर्थ आहे. आमची शीट माझ्या खात्यावर होती. म्हणजे कुलूप लावलं असतं तरी किल्ली माझ्याकडेच राहिली असती.

रेडमाइनमध्ये हेच काम मुळापासून होतं. `Administration` मधल्या `Workflow` पानावर एक तक्ता असतो: आडवी-उभी स्टेटस आणि मध्ये टिक करायचे चौकोन. हा तक्ता प्रत्येक रोलसाठी आणि तिकिटाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा असतो. आम्ही ‘वेंडर’ आणि ‘क्लायंट’ असे दोन रोल केले. `Client Review` वरून `Accepted` वर जायचा चौकोन फक्त क्लायंट रोलमध्ये टिक केला. मग डेव्हलपरच्या ड्रॉपडाउनमध्ये `Accepted` हा शब्द दिसतसुद्धा नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रेडमाइनमध्ये ज्याला अ‍ॅडमिन हक्क आहेत त्याला सगळ्या रोलचे बदल करता येतात. आमच्याकडे टीम लीडलाच अ‍ॅडमिन करून ठेवलं होतं, म्हणजे तक्ता बिनचूक असूनही तो `Accepted` लावू शकत होता. अ‍ॅडमिन हे वेगळं लॉगिन ठेवलं आणि रोजच्या कामासाठी त्याला साधा वेंडर रोल दिला, तेव्हा हे दार बंद झालं.

जिरात वर्कफ्लोच्या त्या विशिष्ट बदलावर अट लावतात: माणूस अमुक ग्रुपमध्ये किंवा प्रोजेक्टच्या अमुक रोलमध्ये असला तरच बटण दिसेल. हे रेडमाइनइतकंच पक्कं आहे, आणि एका बाबतीत जास्त. जिराचा अ‍ॅडमिनसुद्धा ग्रुपमध्ये नसेल तर त्याला बटण दिसत नाही. तो स्वतःला ग्रुपमध्ये घालू शकतो, पण ती मुद्दाम केलेली गोष्ट ठरते. मात्र 10 माणसांपर्यंतच्या मोफत प्लॅनवर हे सगळं उभं करायचा विचार असेल तर थांबा. त्या प्लॅनवर प्रोजेक्टच्या परवानग्या बदलता येत नाहीत. तिकीट कोण खोडू शकतो, कोण बदलू शकतो, यावर ताबा नसेल तर स्वीकृतीच्या बटणाला अट लावून फारसं काही हाती लागत नाही.

बटण क्लायंटकडे दिलं की लगेच दुसरी अडचण उभी राहते: तो ते दाबतच नाही. वाडीचे मॅनेजर दिवसभर फोनवर असतात, रात्री डॉकवर. त्यांच्याकडे लॅपटॉप नाही. रेडमाइनला ईमेलचं उत्तर घेता येतं. उत्तरात `Status: Accepted` अशी ओळ लिहिली आणि सर्व्हरवर तशी मुभा दिली असेल तर तिकीट पुढे सरकतं. आम्हाला ही सोय फार आवडली होती. मग लक्षात आलं की रेडमाइन माणूस ओळखतं ते ईमेलच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता खोटा घालता येतो. ज्या ओळीवर साडेपाच लाख निघणार आहेत तिच्यासाठी हे चालणार नाही. त्यामुळे ईमेलने शेरे आणि फोटो येऊ दिले, पण स्वीकृतीसाठी लॉगिन सक्तीचं ठेवलं. मॅनेजरच्या मोबाइलवर ब्राउझरमध्ये रेडमाइन उघडून दिलं आणि होम स्क्रीनवर खूण करून दिली. रोज रात्री दहा मिनिटं बसून ते तिकिटं बघू लागले.

यादी आक्रसली की फुगली

‘माइलस्टोन-2 मधली सर्व तिकिटं स्वीकारली गेली की 30 टक्के’ असं करारात लिहिलं आहे. सर्व म्हणजे किती? सही करताना 24 होती. तीन आठवड्यांनी क्लायंटने दोन घातली, वेंडरने एक कठीण तिकीट हळूच माइलस्टोन-3 मध्ये सरकवलं, एकाची दोन केली. आता यादीत 26 आहेत आणि दोघांच्या डोक्यातल्या 26 वेगवेगळ्या आहेत. मी पाहिलेल्या भांडणांपैकी निम्म्याहून जास्त भांडणांत काम बरोबर की चूक हा मुद्दाच नव्हता, छेदात कोणता आकडा धरायचा यावरून ती झाली होती.

शीट इथे सगळ्यात कच्ची पडते. शीटमध्ये एखाद्या सेलचा इतिहास बघता येतो, पण खोडलेली ओळ त्या इतिहासात दिसत नाही. ती शोधायला पूर्ण शीटची जुनी आवृत्ती उघडून नजरेने ताडावी लागते. त्यावर इलाज म्हणजे स्वीकारलेली तिकिटं सूत्राने मोजायची, पण एकूण आकडा सूत्राने कधीच काढायचा नाही:

```
=COUNTIFS(B2:B200,"M2",E2:E200,"Accepted") & " / 24"
```

हा 24 हाताने लिहिलेला असतो, करारातून आलेला. ओळ गायब झाली तर आकडा 24 पर्यंत पोचणार नाही आणि कोणीतरी विचारेल.

रेडमाइनमध्ये माइलस्टोनसाठी `Version` वापरतात. त्याची तीन रूपं असतात: `open`, `locked` आणि `closed`. यादीवर सही झाल्या दिवशी व्हर्जन `locked` केलं की त्यात नवं तिकीट घालता येत नाही. तिकीट बाहेर काढणं थांबवायला `Workflow` मध्येच `Fields permissions` असा दुसरा भाग आहे. तिथे वेंडर रोलसाठी `Target version` हे `Read-only` करायचं. या दोन गोष्टींना पाच मिनिटं लागतात. नव्या मागणीसाठी वेगळं व्हर्जन उघडा, त्याचे पैसे वेगळे ठरतील.

जिरात अशी यादी कुलूपबंद करायची सरळ सोय मला मिळाली नाही. पण झालेला बदल पकडायला तिथे फार चांगलं साधन आहे. माइलस्टोन `Fix version` मध्ये ठेवला असेल तर एका ओळीत कळतं की आधी त्यात असलेलं कोणतं तिकीट आता नाही:

```
project = WADI AND fixVersion WAS "M2"
AND (fixVersion != "M2" OR fixVersion IS EMPTY)
```

कंसातला दुसरा भाग विसरू नका. तिकिटाचं व्हर्जन नुसतं पुसलं असेल तर `!=` एकट्याने ते सापडत नाही, आणि गुपचूप बाहेर काढलेली तिकिटं नेमकी अशीच असतात. आणखी एक सांगते. पुष्कळ जण माइलस्टोनसाठी स्वतःचा कस्टम फील्ड बनवतात. त्याचा इतिहास तिकिटात दिसतो, पण `WAS` ने शोधता येत नाही. `WAS` मोजक्या फील्डवरच चालतं आणि `Fix version` त्यातलं एक आहे. हे आधी कळलं नाही तर वर्षभराचा डेटा चुकीच्या जागी साठतो.

दोन्ही ठिकाणी एक सापळा सारखाच आहे आणि तो क्लायंटने विशेष बघावा. रेडमाइनच्या रोडमॅपवर आणि जिराच्या रिलीज पानावर प्रगतीची पट्टी दिसते, ती क्लायंटची स्वीकृती मोजत नाही. रेडमाइनमध्ये बंद समजलं गेलेलं प्रत्येक स्टेटस तिच्यात धरलं जातं, त्यात `Rejected` सुद्धा येतं. जिरात `Done` या वर्गात टाकलेलं प्रत्येक स्टेटस धरलं जातं. वेंडरने ‘डेव्हलपमेंट झालं’ हे स्टेटस त्या वर्गात ठेवलं असेल तर क्लायंटने एकही तिकीट न बघता पट्टी पूर्ण हिरवी होते. मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर ती पट्टी दाखवून बिल मागितलेलं मी पाहिलं आहे. त्या वर्गात `Accepted` शिवाय दुसरं काही ठेवू नका. रद्द झालेली तिकिटं आधी माइलस्टोनमधून दोघांच्या संमतीने बाहेर काढा, मग बंद करा.

स्वीकारलं, आणि मग बिघडलं

आता चोवीसपैकी एक तिकीट जवळून बघू, कारण तिन्ही साधनांची खरी परीक्षा तिथे झाली.

तिकीट असं होतं: माल वाटेत दुसऱ्या गाडीत भरला तर ई-वे बिलाच्या पार्ट-बी मध्ये नव्या गाडीचा नंबर जावा. आम्ही ते केलं. मॅनेजरनी वाडीच्या गोदामात गाडी बदलून बघितली, नंबर गेला, तिकीट स्वीकारलं. नऊ दिवसांनी अमरावतीच्या गोदामात माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरला, तर तिथल्या लॉगिनमध्ये ‘गाडी बदला’ हे बटणच नव्हतं. त्यांनी तिकीट पुन्हा उघडलं. आमच्या हिशोबात माइलस्टोन 24 वर पोचला होता, तो त्या क्षणी 23 झाला. बिल आदल्या दिवशी गेलं होतं.

मॅनेजरचं म्हणणं साधं होतं, "माल तर तिथंच बदलते ना, वाडीत कोण बदलते?" आमच्या डेव्हलपरचं म्हणणं होतं की तिकिटात अमरावती कुठे लिहिलंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. तिकिटाच्या वर्णनात ‘वाटेत’ असं होतं, पण तपासायची पायरी फक्त वाडीची लिहिली होती.

तेव्हापासूनचा आमचा नियम: स्वीकारलेलं तिकीट पुन्हा उघडायचं नाही. नवं तिकीट काढायचं, जुन्याशी जोडायचं, आणि त्यावर पहिल्याच दिवशी ठरवायचं की हा दोष आहे की नवी मागणी. दोष असेल तर वॉरंटीत फुकट दुरुस्त होईल आणि दिलेलं बिल तसंच राहील. नवी मागणी असेल तर तिचे पैसे वेगळे. कसोटी एकच: तिकिटावर लिहिलेली तपासायची पायरी जशीच्या तशी केली आणि ती फसली तर दोष. पायरीत नसलेलं काही हवं असेल तर मागणी. या कसोटीने अमरावतीचं बटण मागणी ठरलं असतं. आम्ही ते फुकट करून दिलं, कारण पायरी अर्धवट लिहिण्यात आमचाही हात होता. पण जुनं तिकीट `Accepted` वरच राहिलं आणि बिल चोवीसचंच राहिलं.

हा नियम रेडमाइन स्वतः पाळून घेतं. `Accepted` हे बंद स्टेटस म्हणून नोंदवलेलं असेल आणि माइलस्टोनचं व्हर्जन `closed` केलं असेल, तर त्यातलं तिकीट पुन्हा उघडायला गेल्यावर ते चूक दाखवून अडवतं. बिलासाठी याहून सोयीचं वागणं मला दुसऱ्या कुठल्या साधनात आयतं मिळालं नाही. व्हर्जन उघडण्या-मिटण्याचा हक्क मात्र क्लायंटच्या एका माणसाकडे आणि आमच्या एका माणसाकडेच ठेवा.

जिरात हे हाताने बांधावं लागतं. `Accepted` वरून बाहेर जाणारा एकही बदल वर्कफ्लोत ठेवायचा नाही, आणि त्या स्टेटसवर हा गुणधर्म लावायचा:

```
jira.issue.editable = false
```

मग त्या स्टेटसमध्ये असताना तिकिटाचं वर्णन, व्हर्जन, काहीच बदलता येत नाही. सावध राहायचं ते ‘कुठूनही इकडे’ प्रकारच्या बदलांपासून. वर्कफ्लोत कुठल्याही स्टेटसवरून `In Progress` ला जायची वाट आधीपासून असेल तर ती `Accepted` वरूनही जाते. आमच्या जिरात ती होती, आणि पहिल्या आठवड्यातच एका डेव्हलपरने सवयीने तिकीट ओढलं. असं कधी घडलंय का ते बघायला:

```
project = WADI AND status WAS "Accepted" AND status != "Accepted"
```

ही यादी रिकामी यायला हवी. जिरा वापरून बघताना आम्ही ती दर शुक्रवारी बघत होतो.

शीटमध्ये हा नियम पाळणं माणसांवर अवलंबून असतं, एवढंच म्हणता येईल.

क्लायंट गप्प बसला तर

चोवीसपैकी 19 तिकिटं मॅनेजरनी स्वीकारली होती, 3 परत पाठवली होती आणि 2 वर काहीच उत्तर नव्हतं, तेव्हाची गोष्ट. परत आलेल्या तिकिटांचा त्रास नसतो. कारण कळतं, दुरुस्त होतं, पुढे जातं. गप्प राहिलेली तिकिटं पैसे अडवतात.

इथे कायदा दोघांनीही नीट वाचावा. वेंडर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर त्याला 2006 चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. त्यात काम दिल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिल्याच्या दिवशीच ते स्वीकारलं असं मानलं जातं. लेखी हरकत घेतली असेल तर ती दूर होईल तो दिवस स्वीकृतीचा. करारात मुदत कितीही लिहिली तरी त्या दिवसापासून 45 दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. म्हणजे क्लायंटसाठी ‘परत पाठवलं’ हे बटण आणि त्याखालचा शेरा ही लेखी हरकत आहे, आणि ती 15 दिवसांच्या आत नोंदली गेली की नाही हे तारखेसह दिसायला हवं. फोनवर "जरा प्रॉब्लेम आहे" म्हटल्याने ते होत नाही.

जीएसटीचाही एक धागा इथेच येतो. सतत चालणाऱ्या सेवेत पैसे एखादी घटना पूर्ण होण्याशी जोडलेले असतील तर इन्व्हॉइस ती घटना पूर्ण होण्याच्या दिवशी किंवा आधी निघावं लागतं. करारातली घटना ‘शेवटचं तिकीट स्वीकारलं’ ही असेल तर त्या तिकिटाची तारीख तुमच्या सीएसाठी महत्त्वाची आहे. नंतर मागची तारीख टाकून स्वीकृती लावू नका, लावू देऊ नका.

साधनांकडे परत येते. रेडमाइनमध्ये तिकीट `Client Review` ला गेलं की ते मॅनेजरच्या नावावर करायचं आणि `Due date` करारातल्या मुदतीची टाकायची. मग सर्व्हरवर रोज सकाळी ही आज्ञा चालवली की मुदत जवळ आलेली तिकिटं त्यांना मेलने जातात:

```
bundle exec rake redmine:send_reminders days=3 RAILS_ENV=production
```

सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तरच हे जमेल. जिरात सर्व्हरला हात न लावता, ऑटोमेशनमध्ये वेळापत्रकाचा नियम करून हेच होतं. शोध असा:

```
status = "Client Review" AND NOT status CHANGED TO "Client Review" AFTER -7d
```

त्या नियमाने मेल पाठवावा, तिकीट आपोआप `Accepted` वर ढकलू नये. मुदत उलटल्याने मानलेली स्वीकृती आणि माणसाने दिलेली स्वीकृती या हिशोबात वेगळ्या दिसल्या पाहिजेत. आम्ही त्यासाठी `Deemed Accepted` असं वेगळं स्टेटस ठेवलं. ते लावण्याआधी क्लायंटच्या मालकांना एक मेल जातोच. आजवर ते दोनदाच वापरावं लागलं. मेल गेल्यावर बाकी सगळी तिकिटं दोन दिवसांत बघितली गेली.

खर्च आणि माणसं

रेडमाइन मोफत आहे आणि कितीही लॉगिन देता येतात. आमच्यासारख्या कामात याचा फरक पडतो, कारण क्लायंटकडे वाडीचे मॅनेजर, अमरावतीचे सुपरवायझर, अकाउंट्सच्या मॅडम आणि मालक, असे चार-पाच जण अधूनमधून येऊन बघणारे असतात. जिरात त्या प्रत्येकासाठी वापरकर्त्याचे पैसे भरावे लागतात. त्यावर एक वाट आहे. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये बाहेरच्या ग्राहकाला पैसे न भरता पोर्टलवर मंजुरी देता येते. पण तिथली विनंती आणि डेव्हलपरचं तिकीट वेगळं असतं, दोन्ही जोडून ठेवावी लागतात. आम्ही हे करून पाहिलं आणि आठ माणसांच्या टीमला तो जोडणीचा व्याप झेपला नाही. मोठ्या टीममध्ये, जिथे एक माणूस फक्त हेच बघतो, तिथे ते नीट चालेल.

रेडमाइनचा खर्च दुसरीकडे लागतो: सर्व्हर, बॅकअप, नव्या आवृत्त्या. बॅकअप चुकला तर स्वीकृतीचा पुरावा जातो, आणि तो पुरावा वेंडरच्या सर्व्हरवर असेल तर क्लायंटने त्याची प्रत मागितलीच पाहिजे.

म्हणून साधन कुठलंही असलं तरी माइलस्टोन पूर्ण झाला की आम्ही एक कागद काढतो. स्वीकारलेल्या तिकिटांची यादी पीडीएफ किंवा सीएसव्ही म्हणून काढायची. त्यात तिकीट क्रमांक, विषय, कोणी स्वीकारलं, कोणत्या तारखेला, एवढे कॉलम. खाली ‘24 पैकी 24’ आणि दोन सह्या. अकाउंट्सच्या मॅडमना रेडमाइनचं लॉगिन दिलं होतं, त्यांनी ते कधी उघडलं नाही. त्यांना हा कागद बिलाला जोडून हवा होता, आणि त्यांचं बरोबर होतं. व्हाउचरला कागद लागतो.

मग कोणी काय घ्यावं

एकच माइलस्टोन उरला असेल, तिकिटं तीसच्या आत असतील आणि स्वीकारणारा माणूस एकच असेल तर शीट पुरते. ती क्लायंटच्या खात्यावर ठेवा, स्वीकृतीचे कॉलम त्यांच्याकडे द्या, एकूण आकडा हाताने लिहा. यासाठी नवं साधन उभं करू नका, शिकवण्यातच माइलस्टोन निघून जाईल.

नागपुरातल्या पाच-दहा माणसांच्या वेंडरला, ज्याचे क्लायंट गोदामं, दवाखाने, शाळा असे आहेत आणि टीममध्ये लिनक्स सर्व्हर सांभाळणारं कोणी आहे, त्याला मी रेडमाइनच सांगेन. व्हर्जन बंद केल्यावर तिकीट न उघडणं आणि क्लायंटच्या लॉगिनला पैसे न लागणं, ही दोन कारणं मला पुरेशी वाटतात. आम्ही तेच घेतलं.

तुमची टीम आधीच जिरावर असेल तर तिथून हलू नका. सशुल्क प्लॅन घ्या, माइलस्टोन `Fix version` मध्ये ठेवा, `Accepted` मधून बाहेरच्या सगळ्या वाटा काढून टाका, बाहेर काढलेली आणि पुन्हा उघडलेली तिकिटं पकडणारे वरचे दोन शोध जतन करून क्लायंटलाही दाखवा. क्लायंट मोठी कंपनी असेल आणि जिरा त्यांचंच असेल, तर वेंडर म्हणून तुमच्यासाठी हे सगळ्यात चांगलं आहे, कारण नोंद त्यांच्या घरात राहते आणि तिच्यावर शंका घ्यायला त्यांना जागा उरत नाही. फक्त यादीची सीएसव्ही दर माइलस्टोनला आपल्याकडे उतरवून घ्या, काम संपलं की तुमचं लॉगिन बंद होतं.

तिसऱ्या माइलस्टोनच्या यादीत 31 तिकिटं होती. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून व्हर्जन `locked` केलं, प्रत्येक तिकिटावर तपासायची पायरी गोदामाच्या नावासह लिहिली. शेवटची दोन तिकिटं मॅनेजरनी रात्री पावणेदहाला डॉकवर उभं राहून मोबाइलवर स्वीकारली. कागद सकाळी गेला आणि पैसे 19 दिवसांनी आले.